शेवटचं बटण कुठे गेलं?

गेल्या वर्षी एका छोट्या स्टुडिओने त्यांचा एक खेळ माझ्याकडे दिला. दीपगृहात अडकलेल्या माणसाने एकेक कोडं सोडवत वर चढायचं, असा तो कोड्यांचा खेळ. संगणकावर प्रकाशित होऊन त्याला काही महिने झाले होते आणि आता तो फोनवर, तोही उभ्या पडद्यावर आणायचा होता. मी मेन्यू, बटणं, पॅनल असल्या गोष्टींचं प्रोग्रॅमिंग करते, त्यामुळे खेळातल्या कोड्यांशी माझा संबंध नव्हता. मला फक्त मेन्यू फोनवर बसवून द्यायचा होता. काम हाती घेताना मालकांनी अजून एक गोष्ट सांगितली. "मॅडम, अल्ट्रावाइड मॉनिटरवाल्यांची एक तक्रार सारखी येते. खेळातून बाहेर पडायचं बटणच दिसत नाही म्हणतात. तेही बघून घ्या."

मी प्रकल्प युनिटीत उघडला. मेन्यूची रचना साधी होती. डावीकडे वरून खाली खेळाचं नाव आणि त्याखाली बटणांची रांग, सगळ्यात शेवटी 'बाहेर पडा'. उजवीकडे वर जमवलेल्या ठिणग्यांचा आकडा. मागे दीपगृहाचं मोठं चित्र आणि त्यात कंदील धरून उभा असलेला रखवालदार. 'सेटिंग्ज' दाबलं की उजवीकडून एक केशरी पॅनल सरकत आत येई. नेहमीच्या 1920×1080 च्या मॉनिटरवर सगळं नीट दिसत होतं. मी गेम व्ह्यूमध्ये 3440×1440 हे माप घातलं आणि 'बाहेर पडा' नाहीसं झालं. ते अर्धंमुर्धं कापलं गेलं नव्हतं, पूर्णच गेलं होतं.

याचं कारण कॅनव्हास स्केलरमध्ये होतं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मेन्यू आखताना आपण एक संदर्भ-माप ठरवतो. इथे ते 1920 एकक रुंद आणि 1080 एकक उंच होतं. प्रत्यक्ष पडदा वेगळा असला की युनिटी एक गुणक काढते आणि सगळा मेन्यू त्या गुणकाने लहानमोठा करते. अडचण अशी की पडद्याची रुंदी एक गुणक सुचवते आणि उंची दुसराच. 3440 ला 1920 ने भागलं तर 1.79 येतात, 1440 ला 1080 ने भागलं तर 1.33. यातला कुठला घ्यायचा हे `Match` नावाची एक पट्टी ठरवते. ती 0 वर असेल तर रुंदीचा, 1 वर असेल तर उंचीचा गुणक. ट्यूटोरियलमधून बहुतेक जण 0.5 ठेवायला शिकतात, कारण ते दोन्ही बाजूंना न्याय दिल्यासारखं वाटतं. इथेही 0.5 च होतं.

0.5 वर युनिटी दोन गुणकांची साधी सरासरी काढत नाही. ती लॉगरिदम घेऊन मधला आकडा काढते, म्हणजे दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. 1.79 आणि 1.33 यांच्यातून साधारण 1.55 येतात. आता 1440 पिक्सेलच्या उंचीला 1.55 ने भागा. मेन्यूला उंचीत जेमतेम 932 एककं मिळाली. 1080 एककं मिळणार असं धरून आखलेल्या मेन्यूची जवळपास 150 एककं कमी झाली. 'बाहेर पडा' हे बटण 64 एकक उंच होतं आणि वरून मोजलं तर 956 पासून 1020 पर्यंतच्या पट्ट्यात बसलेलं होतं. कॅनव्हास 932 वरच संपत होता. अल्ट्रावाइड मॉनिटरवर खेळणाऱ्याला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. 5120×1440 च्या त्या अतिलांब मॉनिटरवर तर उंची 764 एककांवर येत होती आणि आणखी बटणं गायब होत होती.

पट्टी 1 वर सरकवली असती तर अल्ट्रावाइडचं दुखणं लगेच थांबलं असतं. पण मला तोच मेन्यू उभ्या फोनवरही न्यायचा होता. 1080×2400 च्या फोनवर उंचीचा गुणक 2.22 येतो आणि त्याने भागल्यावर रुंदीत फक्त 486 एककं उरतात. बटणांची रांग 620 एकक रुंद होती, म्हणजे ती बाजूने कापली गेली असती. 0 वर ठेवलं तर गुणक 0.56 होतो आणि अक्षरं मुंगीएवढी. पट्टी कुठेही ठेवा, कुणाचं तरी नुकसान ठरलेलंच. पट्टी नेमकी कुठे ठेवावी यावर मी अनेकांना वाद घालताना ऐकलं आहे. माझ्या मते तो वादच व्यर्थ आहे, कारण मधला गुणक घेतला की कुठल्या तरी एका दिशेने कॅनव्हास संदर्भ-मापापेक्षा लहान होतो, आणि तसं झालं की कडेला बसवलेलं काहीतरी कापलं जाण्याची शक्यता कायम राहते.

त्याच यादीत `Match` च्या शेजारी `Expand` नावाचा एक पर्याय असतो. तो दोन गुणकांतला लहान गुणक घेतो. एवढंच. पण त्याचा परिणाम मोठा आहे: कॅनव्हास रुंदीत किंवा उंचीत संदर्भ-मापापेक्षा कधीच लहान होत नाही. एक दिशा नेमकी मापाइतकी राहते आणि दुसऱ्या दिशेला जागा उरते. 3440×1440 वर गुणक 1.33 झाला आणि कॅनव्हास 2580×1080 एककांचा. 'बाहेर पडा' जागेवर आलं. जागा उरली तर ती वापरता येते, पण कमी पडलेली जागा कुठून आणणार? म्हणून माझ्या कामात `Expand` हाच नियम आहे.

फोनसाठी मात्र संदर्भ-माप उलटं करावं लागतं. आडवं माप ठेवून उभ्या पडद्यावर `Expand` लावलं तर गुणक पुन्हा 0.56 च येतो. म्हणून पडदा उभा असेल तेव्हा संदर्भ 1080×1920 करायचा.

```csharp
bool portrait = Screen.height > Screen.width;
scaler.screenMatchMode =
    CanvasScaler.ScreenMatchMode.Expand;
scaler.referenceResolution = portrait
    ? new Vector2(1080, 1920)
    : new Vector2(1920, 1080);
```

1080×2400 च्या फोनवर आता गुणक बरोबर 1 येतो आणि कॅनव्हास 1080×2400 एककांचा होतो. 1536×2048 च्या टॅबलेटवर गुणक 1.07 येतो, उंची 1920 च राहते आणि बाजूंना जास्तीची जागा मिळते. मी हा निर्णय 'फोन की संगणक' यावर न ठेवता पडद्याच्या आकारावर ठेवला. संगणकावरही लोक खेळाची खिडकी अरुंद करतात, आणि घडीचा फोन उघडला की त्याचा पडदा जवळपास चौरस होतो.

एवढं झाल्यावर मेन्यू फोनवर मावला, पण बोटाला सापडेना. हा प्रश्न स्केलने सुटत नाही, कारण स्केलला पिक्सेल कळतात, मिलीमीटर कळत नाहीत. साडेसहा इंचांच्या अशा फोनचा पडदा सुमारे 68 मिलीमीटर रुंद असतो, म्हणजे 1080 एककं 68 मिलीमीटरमध्ये. 64 एककांचं बटण तिथे 4 मिलीमीटर उंच होतं. तेच बटण 34 इंची अल्ट्रावाइडवर जवळपास 20 मिलीमीटर उंच दिसतं, आणि तिथे तर माउसचा टोकदार बाण असतो. अँड्रॉइडची शिफारस आहे की बोटाने दाबायची जागा किमान 48 डीपी असावी. 360 डीपी रुंदीच्या या फोनवर ते 144 पिक्सेल होतात, म्हणजे साधारण 9 मिलीमीटर. त्यामुळे उभ्या मांडणीत मी प्रत्येक बटण 144 एकक उंच केलं, दोन बटणांमध्ये 32 एककांची फट ठेवली आणि रांग डाव्या कडेऐवजी पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात आणली. एका हाताने फोन धरला की अंगठा तिथेच पोहोचतो. मेन्यू लहानमोठा करणं आणि मेन्यूची मांडणी बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोनवर दुसरं टाळून फक्त पहिल्यावर भागवायला गेलं तर हाती वाचता न येणारा मेन्यू येतो.

आता अँकरकडे येते. माप बरोबर झालं तरी जागा चुकू शकते, आणि या प्रकल्पात ती सगळीकडे चुकली होती. अँकर म्हणजे भिंतीवरचा खिळा. तसबीर त्याच्यापासून ठरलेल्या अंतरावर लटकते. युनिटीत नवीन बटण बनवलं की त्याचा खिळा आपोआप पडद्याच्या मधोमध ठोकलेला असतो. इथे बटणांच्या रांगेचा खिळा वरच्या कडेला नेलेला होता, पण आडव्या दिशेने तो कुणीच हलवला नव्हता. डावीकडच्या बटणांच्या रांगेची डावी कड 'मध्यापासून 760 एकक डावीकडे' अशी टांगली होती. 1920 रुंदीच्या कॅनव्हासवर मध्यापासून कडेपर्यंत 960 एककं असतात, म्हणून ती कडेपासून 200 वर छान दिसे. 2580 रुंदीवर मध्यापासून कड 1290 वर जाते. तिथे तीच रांग कडेपासून 530 एककं आत तरंगत होती. उभ्या फोनवर मध्यापासून कड फक्त 540 वर असते, त्यामुळे रांगेची डावी कडच पडद्याबाहेर गेली होती.

हे ओळखायची खूण सोपी आहे. गेम व्ह्यू `Free Aspect` वर ठेवा आणि खिडकीची कड धरून सावकाश रुंद, अरुंद करत राहा. कडेला चिकटून राहायला हवी ती वस्तू कडेपासून दूर सरकताना दिसली, तर तिचा अँकर चुकीचा आहे. एकेका मापाची चित्रं तपासत बसण्यापेक्षा या हलत्या तपासणीत चूक लवकर दिसते. मी बटणांच्या रांगेचा अँकर डाव्या कडेच्या मध्याला नेला, ठिणग्यांचा आकडा वरच्या उजव्या कोपऱ्याला आणि आवृत्तीचा क्रमांक खालच्या उजव्या कोपऱ्याला. अँकरबरोबर पिव्हटही त्याच कोपऱ्यात नेला. पिव्हट म्हणजे वस्तूचा तो बिंदू, जिथून अंतर मोजलं जातं. उजव्या कोपऱ्याला टांगलेल्या आकड्याचा पिव्हट मध्यभागी राहिला, तर आकडा 99 वरून 1,00,000 वर गेल्यावर चौकट दोन्ही बाजूंना वाढते आणि उजवं टोक पडद्याबाहेर घुसतं. पिव्हट उजवीकडे असेल तर ती फक्त डावीकडे वाढते.

सगळ्यात मजेशीर सापडलं ते केशरी सेटिंग्ज पॅनल. 3440×1440 वर मेन्यू उघडला की उजव्या कडेला एक केशरी पट्टी दिसत राही. चित्रकार मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारलं, "ताई, ही पट्टी मी काढलेली नाही. कुठून आली?" पॅनल 600 एकक रुंद होतं आणि बंद असताना ते मध्यापासून 1500 एकक उजवीकडे लपवलेलं होतं. त्याची डावी कड त्यामुळे 1200 वर येई. नेहमीच्या मॉनिटरवर पडदा 960 लाच संपतो म्हणून ते दिसत नसे. इथे पडदा 1290 पर्यंत होता, म्हणून 90 एककं डोकावत होती. अतिलांब मॉनिटरवर, जिथे पडदा मध्यापासून 1920 एककांवर संपतो, तिथे तर अख्खं पॅनलच उघडं पडलं असतं.

लपवण्याची जागा अजून दूर, 3000 वर नेणं हा झटपट उपाय; तो मी केला नाही. पॅनलचा अँकर पडद्याच्या उजव्या कडेला, म्हणजे (1, 0.5) वर नेला आणि पिव्हट (0, 0.5) वर, म्हणजे पॅनलच्या स्वतःच्या डाव्या कडेला. आता x शून्य असताना पॅनलची डावी कड पडद्याच्या उजव्या कडेला बरोबर टेकते, मग पडदा कितीही रुंद असो. उघडताना x उणे 600 करायचं. शिवाय पॅनल बंद झाल्यावर ते `SetActive(false)` ने खरोखर बंद केलं. पडद्याबाहेर असलं तरी चालू असलेलं बटण गेमपॅडच्या निवडीत येतं, आणि खेळणारा उजवीकडे दाबतो तेव्हा निवड कुठेतरी अदृश्य जागी जाऊन बसते. ती तक्रारही स्टुडिओकडे आलेल्या तक्रारींच्या यादीत होती, वेगळ्या नावाने: 'मेन्यू मध्येच अडकतो.'

फोनवर कडेला चिकटवताना अजून एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे कॅमेऱ्याची खाच आणि गोल कोपरे. `Screen.safeArea` फोनवरची सुरक्षित चौकट पिक्सेलमध्ये देतं. तिला पडद्याच्या मापाने भागलं की 0 ते 1 मधले आकडे मिळतात, आणि अँकरला नेमके तेच हवे असतात.

```csharp
Rect s = Screen.safeArea;
Vector2 size = new Vector2(Screen.width, Screen.height);
rt.anchorMin = s.min / size;
rt.anchorMax = s.max / size;
rt.offsetMin = rt.offsetMax = Vector2.zero;
```

बटणं आणि आकडे या चौकटीच्या पोटात ठेवायचे, मागचं चित्र मात्र बाहेर, पूर्ण पडद्यावर. चित्रही आत घेतलं तर खाचेच्या बाजूला काळी पट्टी येते. एक बारकावा आडव्या खेळांसाठी सांगून ठेवते. फोन आडवा धरून उलट बाजूला फिरवला तर पडद्याचं माप तेच राहतं, खाच मात्र डावीकडून उजवीकडे जाते. 'माप बदललं का' एवढंच तपासणारा कोड अशा वेळी हलत नाही. म्हणून मागच्या वेळची `safeArea` जपून ठेवायची आणि नवी तिच्याशी ताडून पाहायची.

अल्ट्रावाइडवर सगळं कडांना नीट चिकटलं, तेव्हा उलटाच प्रश्न उभा राहिला. 49 इंची 32:9 मॉनिटर जवळपास 1.2 मीटर रुंद असतो. 27 इंचांचे दोन साधे मॉनिटर शेजारी ठेवावेत तेवढा. त्यावर बटणं डाव्या टोकाला आणि ठिणग्यांचा आकडा उजव्या टोकाला गेला की मान फिरवल्याशिवाय दोन्ही दिसत नाहीत. अँकर बरोबर असूनही मेन्यू वाईट. यासाठी मी कॅनव्हास आणि बटणं यांच्यामध्ये एक चौकट घातली, मध्यभागी टांगलेली, जास्तीत जास्त 2400 एकक रुंद. सगळ्या वस्तूंचे अँकर आता पडद्याच्या नाही, तर या चौकटीच्या कडांना. 34 इंची आणि 49 इंची मॉनिटरची उंची जवळपास सारखीच असते, त्यामुळे 2400 एककं दोन्हीकडे साधारण 75 सेंटीमीटर भरतात, आणि तेवढं मान न वळवता दिसतं. सरकणारं पॅनल तेवढं चौकटीबाहेर, थेट पडद्याच्या कडेला ठेवलं. नाहीतर 'लपलेलं' पॅनल चौकटीशेजारच्या मोकळ्या जागेत उघडं दिसलं असतं. उघडल्यावर ते चौकटीच्या कडेपर्यंत आत यावं म्हणून त्याच्या 600 मध्ये बाजूच्या मोकळ्या जागेची रुंदी मिळवली. शिवाय सेटिंग्जमध्ये चौकटीची रुंदी कमीजास्त करण्याची पट्टी दिली. कुणी मॉनिटरपासून लांब बसतं, कुणी जवळ. माझा 2400 चा आकडा सगळ्यांना पटेल असा माझा दावा नाही.

शेवटी उरलं ते मागचं चित्र, आणि तिथे प्रोग्रॅमिंगने हात टेकले. मूळ चित्र 1920×1080 चं, रखवालदारासकट एकाच थरात. पडदा पूर्ण भरेल इतकं ते मोठं केलं तर 5120×1440 वर त्याची उंची 2880 होते आणि निम्मं चित्र, वरचा आणि खालचा पाव भाग, कापला जातो. रखवालदाराचं डोकं त्यातच होतं. उभ्या फोनवर रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा दिसतो. तिथे रखवालदार नाही, फक्त भिंत. चित्रकाराने विचारलं, "आडवं ताणून बसवायचं का?" ताणलं तर दीपगृह पिंपासारखं दिसतं, त्यामुळे तो मार्ग नव्हताच. तिला मागची भिंत आणि समुद्र 5120×1440 मध्ये नव्याने रंगवावे लागले, उभ्या पडद्यासाठी वेगळं उंच चित्र करावं लागलं, आणि रखवालदार स्वतंत्र थरावर काढावा लागला. त्याचा अँकर खालच्या कडेला ठेवला, म्हणजे मागचं चित्र कितीही कापलं गेलं तरी तो जमिनीवर पूर्ण उभा राहतो. मेन्यूच्या साऱ्या दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ या चित्रांनीच खाल्ला. रंगवून झालेल्या चित्रातून माणूस वेगळा काढायचा, तर त्याच्यामागची झाकलेली भिंत नव्याने रंगवावी लागते.

म्हणून खेळ बनवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पहिलं बटण काढण्याआधी चार मापं कागदावर लिहा: 3440×1440, 5120×1440, 1080×2400 आणि 1536×2048. तो कागद प्रोग्रॅमरच्या हातात नंतर द्या, आधी चित्रकाराच्या हातात द्या.